दोन संख्यांची बेरीज आणि तिचा हातचा

मायक्रोप्रोसेसरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ‘दोन आठ बिट संख्यांची बेरीज करा आणि उत्तर मेमरीत साठवा’ अशी चिठ्ठी निघाली की विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर लगेच हसू येते. प्रोग्रॅम पाठ असतो. किटवर तो भरायचा, 05 आणि 03 द्यायचे, 08 दाखवायचे, जर्नलवर सही घ्यायची. मग परीक्षक त्याच प्रोग्रॅमला 9A आणि 8C द्यायला सांगतात. डिस्प्लेवर 26 येते. 9A म्हणजे १५४, 8C म्हणजे १४०, त्यांची बेरीज २९४. आणि 26 म्हणजे फक्त ३८. मधले २५६ कुठे गेले, हा पुढचा प्रश्न असतो, आणि बहुतेकांची तोंडी परीक्षा तिथे अडते.

या पुस्तिकेतल्या पहिल्या प्रोग्रॅमची ही प्रस्तावना त्या हरवलेल्या २५६ विषयी आहे. बेरीज करायला ८०८५ ला एकच सूचना लागते. आपला खरा प्रोग्रॅम लिहिला जातो तो हातचा जपण्यासाठी.

इंटेलने ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर १९७६ साली आणला. त्याच्या आधीच्या, १९७४ च्या ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज द्यावे लागत. ८०८५ एकट्या पाच व्होल्टवर चालतो आणि त्याच्या नावातला शेवटचा पाच त्यावरूनच आला. बेरजेच्या बाबतीत मात्र दोघांची रीत एकच आहे. मेमरीतल्या दोन खणांमधल्या संख्या प्रोसेसर थेट एकमेकींत मिळवू शकत नाही. एक संख्या अॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे A रजिस्टरमध्ये, आधी आणावी लागते. दुसरी एखाद्या रजिस्टरमध्ये किंवा HL जोडी दाखवेल त्या मेमरीच्या खणात असली तरी चालते. उत्तर पुन्हा A मध्येच येते आणि पहिली संख्या तिथून पुसली जाते.

A मध्ये आठच बिट मावतात, म्हणजे फार तर FF, २५५. दोन्ही संख्या FF असल्या तर बेरीज 1FE, म्हणजे ५१० होते. आठ बिटच्या कोणत्याही दोन संख्या घ्या, त्यांची बेरीज नऊ बिटच्या पलीकडे जात नाही. हा नववा बिट ८०८५ कॅरी फ्लॅगमध्ये ठेवतो. म्हणून उत्तराला दोन खण द्यायचे: एकात बेरीज, दुसऱ्यात हातचा. हातच्याच्या खणात 00 किंवा 01 यांशिवाय काहीही दिसले, तर प्रोग्रॅम चुकला आहे असे तिथल्या तिथे समजावे.

पुस्तिकेत हा प्रोग्रॅम पुढीलप्रमाणे दिला आहे. संख्या 2050 आणि 2051 मध्ये, बेरीज 2052 मध्ये, हातचा 2053 मध्ये.

```
2000  21 50 20   LXI H,2050H
2003  0E 00      MVI C,00H
2005  7E         MOV A,M
2006  23         INX H
2007  86         ADD M
2008  D2 0C 20   JNC 200CH
200B  0C         INR C
200C  23         INX H
200D  77         MOV M,A
200E  23         INX H
200F  71         MOV M,C
2010  CF         RST 1
```

पत्ते 2000 पासून का, असे कुणी विचारले तर त्यामागे प्रोसेसरचा काही नियम नाही. इंटेलने ८०८५ शिकण्यासाठी एसडीके-८५ नावाचे किट काढले होते. त्यात रॅम 2000 पासून सुरू होत असे आणि तिचा शेवटचा थोडा भाग किटचा मॉनिटर प्रोग्रॅम स्वतःच्या कामासाठी वापरत असे. आपल्या कॉलेजांतल्या कित्येक किटवर तीच मांडणी आहे, काहींवर रॅम 4000, 8000 किंवा C000 पासून सुरू होते. तुमच्या किटवर जो पत्ता असेल त्याप्रमाणे वरच्या प्रोग्रॅमात दोन जागी बदल करावा लागतो: `LXI H` च्या पत्त्यात आणि `JNC` च्या पत्त्यात. पहिला बदल सगळ्यांच्या लक्षात राहतो, दुसरा नेमका विसरतो.

हे दोन पत्ते भरताना आणखी एक गोष्ट सांभाळायची. ८०८५ ला सोळा बिटचा पत्ता देताना खालचा बाइट आधी आणि वरचा नंतर द्यायचा असतो. 2050 हा पत्ता `50 20` असाच टाइप करायचा. कुणी `21 20 50` टाइप केले तर HL मध्ये 5020 जाते. तिथे बहुतेक किटवर रॅमच नसते. प्रोग्रॅम नीट संपतो, डिस्प्लेही काही तक्रार करत नाही, पण 2052 मध्ये आधी जे काही होते तेच राहते. ही चूक पकडायची असेल तर प्रोग्रॅम चालवण्याआधी 2052 आणि 2053 या दोन्ही खणांत EE भरून ठेवा. चालवल्यावरही EE दिसले, तर तुमचा प्रोग्रॅम त्या खणांपर्यंत पोचलाच नाही. बरेच विद्यार्थी तिथे 00 भरतात. मग 2053 मधले 00 प्रोग्रॅमने लिहिले की आपण, हे सांगता येत नाही.

आता 9A आणि 8C घेऊन एकेक ओळ चालवून पाहू. `LXI H` ने HL मध्ये 2050 येते, `MVI C` ने C मध्ये 00. हे 00 भरणे टाळू नये. C मध्ये आधीच्या प्रोग्रॅमचे काय उरले असेल याचा भरवसा नसतो. `MOV A,M` ने 9A अॅक्युम्युलेटरमध्ये येते, `INX H` ने HL 2051 वर जातो, आणि `ADD M` ने तिथले 8C मिळवले जाते. आता A मध्ये 26 आहे आणि कॅरी फ्लॅग 1 आहे. `JNC` म्हणजे कॅरी नसेल तर उडी मारा. इथे कॅरी आहे, म्हणून उडी होत नाही आणि `INR C` ने C मध्ये 01 होते. मग HL 2052 वर, तिथे 26. HL 2053 वर, तिथे 01. आधी 2053 आणि मग 2052 असे दोन खण वाचले की 0126 होते, आणि ते २५६ अधिक ३८, म्हणजे २९४. गेलेले सगळे परत मिळाले.

फ्लॅगवरचा प्रश्न यानंतर येतो. या बेरजेनंतर फ्लॅग काय असतील, असे विचारले की कागदावर असे मांडता येते: 26 चा सर्वांत वरचा बिट 0, म्हणून साइन 0; उत्तर शून्य नाही, म्हणून झीरो 0; 26 मध्ये तीन एकके आहेत, संख्या विषम, म्हणून पॅरिटी 0; A आणि C हे खालचे अर्धे भाग मिळवताना हातचा आला, म्हणून ऑक्झिलरी कॅरी 1; आणि कॅरी 1. फ्लॅग रजिस्टरमध्ये ऑक्झिलरी कॅरी चौथ्या बिटला आणि कॅरी शून्याव्या बिटला बसतो, म्हणून F मध्ये 11 दिसायला हवे. F चे पाचवा, तिसरा आणि पहिला हे बिट यात धरायचे नाहीत. इंटेलच्या माहितीपत्रकात त्यांना अर्थ दिलेला नाही, आणि किटवर ते काहीही दिसू शकतात.

विद्यार्थी प्रोग्रॅम चालवतो, किटवर F उघडतो, आणि ते तीन बिट सोडून तिथे 01 निघते. ऑक्झिलरी कॅरी गायब. कागदावरचे उत्तर बरोबर, किटवरचेही बरोबर, तरी दोन्ही जुळत नाहीत. मधे आलेली `INR C` याला कारण आहे. ही सूचना कॅरी सोडून बाकी सगळे फ्लॅग नव्याने ठरवते. 00 चे 01 होताना खालच्या अर्ध्यातून हातचा येत नाही, म्हणून ऑक्झिलरी कॅरी 0 झाला. शेवटी F मध्ये जे दिसते त्यातला कॅरी बेरजेचा आहे, बाकीचे चारही फ्लॅग `INR C` चे आहेत. यातले साइन, झीरो आणि पॅरिटी या उदाहरणात योगायोगाने सारखे आले, एवढेच.

बेरजेचे खरे फ्लॅग पाहायचे असतील तर प्रोग्रॅमला `ADD M` नंतर लगेच थांबवले पाहिजे. त्यासाठी 2008 मधल्या D2 च्या जागी तात्पुरते CF भरा, पुन्हा चालवा, आणि मग A आणि F उघडा. A मध्ये 26 दिसेल आणि F मध्ये ते तीन बिट सोडून 11. पाहून झाल्यावर 2008 मध्ये D2 परत भरायला विसरू नका.

इथे शेवटच्या सूचनेविषयी थोडे सांगायला हवे. काही किटच्या पुस्तकांत प्रोग्रॅमच्या शेवटी `HLT`, म्हणजे 76 असते. काहींत `RST 1`, म्हणजे CF. काहींत `RST 5`, म्हणजे EF. `HLT` वर प्रोसेसर जागीच थांबतो. मग रीसेट दाबून मेमरी वाचता येते, कारण रीसेटने रॅम पुसत नाही, पण रजिस्टर आणि फ्लॅग जसे होते तसे मिळण्याची खात्री नसते. `RST` मात्र मॉनिटरकडे परत जाते आणि मॉनिटर सगळी रजिस्टर जपून ठेवतो, म्हणून ती नंतर वाचता येतात. फ्लॅग दाखवायचे असतील तर शेवट `RST` ने करावा. `RST` आपला परतीचा पत्ता स्टॅकवर टाकते, त्यामुळे स्टॅक पॉइंटर खऱ्या रॅममध्ये असला पाहिजे. ती व्यवस्था तुमचा मॉनिटर करतो की नाही आणि तुमच्या किटला कोणती `RST` लागते, हे लॅब असिस्टंटना परीक्षेच्या आधी विचारून घ्या. मॉनिटर करत नसेल तर प्रोग्रॅमच्या सुरुवातीला `LXI SP` द्यावी लागेल; तिचे तीन बाइट वाढले की `JNC` चा पत्ताही तीनने पुढे जाईल.

आता `JNC` च्या पत्त्याकडे वळू, कारण या प्रोग्रॅमातल्या बहुतेक चुका तिथेच होतात. या चुकांचा स्वभाव असा की त्या निम्म्या उदाहरणांत दिसतच नाहीत. समजा 0C च्या जागी 0B भरले. मग कॅरी असो वा नसो, `INR C` चालणारच. 9A आणि 8C चे उत्तर अगदी बरोबर येते; 05 आणि 03 दिले तर 2052 मध्ये 08 आणि 2053 मध्ये 01 दिसते, म्हणजे बेरीज २६४. समजा 0C च्या जागी 0D भरले. कॅरी असताना काहीच बिघडत नाही. कॅरी नसताना मात्र `INX H` वरून उडी जाते, 08 हे 2051 मध्ये पडते आणि दुसरी संख्याच पुसली जाते. बाइट उलटे टाइप झाले, `D2 20 0C` असे, तर कॅरी नसताना प्रोसेसर 0C20 या भलत्याच पत्त्यावर जातो आणि बहुधा किट अडकते. कॅरी असताना सगळे सुरळीत.

म्हणून एका उदाहरणावर समाधान मानू नये. हातचा न येणारी एक जोडी आणि हातचा येणारी एक जोडी, दोन्ही चालवून पाहावी, आणि प्रत्येक वेळी 2050 ते 2053 हे चारही खण वाचावेत. उत्तराचे दोन खणच वाचले तर पुसली गेलेली संख्या लक्षात येत नाही. तिसरी जोडी द्यायला वेळ असेल तर FF आणि 01 द्या. उत्तर 00 आणि 01 येते. बेरजेनंतर लगेच थांबवून फ्लॅग पाहिले तर झीरो फ्लॅग 1 असतो, बेरीज २५६ असूनही, कारण तो फक्त A कडे पाहतो.

उडीच नको असेल तर हाच हिशेब दुसऱ्या रीतीने करता येतो. ती रीत मला अधिक आवडते, आणि पुस्तिकेत ती पर्याय म्हणून दिली आहे. C रजिस्टर लागत नाही, `JNC` लागत नाही. बेरीज झाल्यावर ती लगेच 2052 मध्ये ठेवायची आणि मग पुढच्या तीन सूचनांनी हातचा उचलायचा.

```
INX H
MOV M,A
INX H
MVI A,00H
RAL
MOV M,A
```

हे जमते कारण `INX`, `MOV` आणि `MVI` या सूचना कॅरीला हात लावत नाहीत. बेरजेत आलेला कॅरी तीन-चार सूचनांच्या पलीकडेही तसाच राहतो. मग `RAL` A ला एक घर डावीकडे सरकवते आणि रिकाम्या झालेल्या उजव्या बिटमध्ये कॅरी आणून बसवते. A मध्ये 00 होते, त्याचे 01 झाले. इथे A शून्य करायला `XRA A` वापरण्याचा मोह होतो, कारण ती एकाच बाइटची आहे. पण `XRA A` कॅरीही शून्य करते. 2053 मध्ये कायम 00 येईल आणि हरवलेले २५६ हरवलेलेच राहतील. `SUB A` चेही तसेच.

दोन्ही रीतींनी प्रोग्रॅम संपल्यावरचे फ्लॅग ताडून पाहण्याजोगे आहेत. तीच बेरीज, तेच 9A आणि 8C. पहिल्या रीतीत शेवटी कॅरी 1 आणि ऑक्झिलरी कॅरी 0. दुसऱ्या रीतीत उलट: `RAL` ने A चा डावीकडचा 0 कॅरीमध्ये ढकलला, म्हणून कॅरी 0, आणि ऑक्झिलरी कॅरीला कुणी हात न लावल्यामुळे तो 1. मेमरीत दोन्हीकडे 26 आणि 01. परीक्षकांनी ‘हातचा दाखवा’ म्हटले की फ्लॅग रजिस्टर न उघडता 2053 उघडून दाखवावे. फ्लॅग हा शेवटच्या संबंधित सूचनेचा निकाल असतो, प्रोग्रॅमचा नसतो.

वेगाचाही प्रश्न कधी कधी येतो. शेवटची `RST` सोडली तर पहिल्या रीतीला कॅरी नसताना ७३ आणि कॅरी असताना ७४ टी-स्टेट लागतात. उडी झाली तर `JNC` ला १०, न झाली तर ७, आणि त्यात `INR C` चे ४. दुसऱ्या रीतीला दोन्ही वेळा ६७. किटवर ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर आतले घड्याळ त्याच्या निम्म्यावर, ३.०७२ वर चालते, आणि सगळी बेरीज सुमारे २४ मायक्रोसेकंदांत उरकते.

एक गैरसमज राहिला. किटवर 25 आणि 17 टाइप केले तर उत्तर 42 येत नाही, 3C येते, कारण किटवर टाइप केलेली प्रत्येक संख्या हेक्समध्ये धरली जाते. चिठ्ठीत ‘दशमान बेरीज’ असा शब्द असेल तर `ADD M` नंतर लगेच `DAA`, म्हणजे 27, घालावी. मग 42 मिळते. ती `JNC` च्या आधीच हवी. 85 आणि 47 घेतले तर `ADD M` नंतर A मध्ये CC असते आणि कॅरी नसतो. `DAA` नंतर 32 होते आणि कॅरी येतो, १३२ मधला शंभराचा हातचा. `JNC` आधी घातली तर हा हातचा हुकतो. `DAA` च्या एका बाइटमुळे पुढचे सगळे एक घर सरकते, म्हणून उडीचा पत्ता 200D करावा लागतो.

या पुस्तिकेतले पुढचे प्रोग्रॅम, सोळा बिटची बेरीज, संख्यांच्या मालिकेची बेरीज, बीसीडी, हे सगळे याच हातच्याला पुढच्या खणात नेण्याचे काम करतात. ज्यांना सूचनांचा संच मुळापासून वाचायचा आहे त्यांनी रमेश गावकर यांचे ८०८५ वरचे इंग्रजी पुस्तक जवळ ठेवावे. आणि पहिल्याच तासाला जर्नलच्या पहिल्या पानावर आपल्या किटचे तीन तपशील लिहून ठेवा: रॅम कुठून सुरू होते, शेवटी कोणता कोड द्यायचा, आणि फ्लॅग कोणत्या कीने उघडतात. परीक्षेच्या दिवशी किट बदलून मिळाले तर हेच तीन प्रश्न आधी विचारा, प्रोग्रॅम त्यानंतर भरा.